पडदा, डोळा आणि मधलं अंतर : रेसिंग सिम्युलेटरचा दृश्यकोन

रेसिंग सिम्युलेटरमध्ये गाडीची काच म्हणजे समोरचा मॉनिटर. त्या काचेतून बाहेरच्या जगाचा किती भाग दिसावा, हे ज्या आकड्याने ठरतं त्याला दृश्यकोन म्हणतात. खेळणाऱ्यांच्या बोलीत एफओव्ही. हा आकडा अंशांमध्ये मोजतात आणि बहुतेक खेळांच्या सेटिंग्जमध्ये तो हवा तसा बदलता येतो. त्यामुळे ही आवडीनिवडीची बाब आहे असा समज होतो. खरं तर पडदा किती मोठा आहे आणि डोळा त्यापासून किती दूर आहे, या दोन मापांवरून योग्य आकडा आधीच ठरलेला असतो. तिथे आवडीला जागा फारच थोडी उरते.

इटलीतल्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. चित्राची चौकट ही जणू उघडी खिडकी आहे आणि तिच्यातून पलीकडचं दृश्य दिसतं, ही कल्पना त्यात आहे. आजचा सिम्युलेटर त्याच गणितावर चालतो. खिडकीजवळ उभं राहिलं की अंगणाचा मोठा भाग नजरेत येतो. चार पावलं मागे सरकलं की तीच खिडकी थोडंसंच दाखवते. दोन्ही वेळी अंगणातलं झाड मात्र तेवढंच असतं. मॉनिटरचंही असंच व्हायला हवं : बसणारा मागे सरकला तर चित्रात कमी जग यावं, पुढे आला तर जास्त. पण खेळाला बसणाऱ्याचा डोळा कुठे आहे हे कळत नाही. ते त्याला आकड्यातून सांगावं लागतं.

एका पडद्याचं गणित

सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे. पडद्याचं निम्मं माप, भागिले डोळ्यापासूनचं अंतर. त्याचा व्यस्त टॅन्जन्ट. आणि त्याची दुप्पट.

```
FOV = 2 × atan( (size ÷ 2) ÷ distance )
```

`size` च्या जागी पडद्याची रुंदी घातली तर आडवा कोन मिळतो, उंची घातली तर उभा. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर atan बहुधा tan⁻¹ असं लिहिलेलं असतं. कॅल्क्युलेटर अंशांवर, म्हणजे `DEG` वर आहे ना, हे आधी पाहावं. उत्तर २७ च्या ऐवजी ०.४७ आलं, तर तो रेडियनमध्ये मोजतो आहे असं समजावं.

माप घेताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे मॉनिटरचे इंच कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हे. २७ इंची, १६:९ प्रमाणाच्या मॉनिटरची प्रत्यक्ष दिसणारी रुंदी ५९.८ सेंटिमीटर आणि उंची ३३.६ सेंटिमीटर असते. बाहेरची प्लास्टिकची कड यात धरायची नाही. दुसरी चूक अंतराची. मोजायचं ते डोळ्यापासून काचेपर्यंत, आणि तेही गाडी चालवताना जसं बसतो तसं बसून : पाठ सीटला टेकलेली, हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर. टेप धरायला दुसरं माणूस असलं तर बरं, कारण स्वतः मोजायला गेलं की शरीर आपोआप पुढे झुकतं आणि पाचसात सेंटिमीटर कमी भरतात.

समजा हे अंतर ७० सेंटिमीटर भरलं. उंची ३३.६, तिचं निम्मं १६.८, त्याला ७० ने भागलं की ०.२४, त्याचा व्यस्त टॅन्जन्ट साडेतेरा अंश, दुप्पट केली की २७. म्हणजे उभा दृश्यकोन २७ अंश. रुंदीवरून असंच काढलं की आडवा कोन ४६ अंशांच्या किंचित वर येतो.

यांतला कोणता आकडा भरायचा, हे खेळावर अवलंबून असतं. ‘असेटो कोर्सा’ आणि ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ उभा कोन मागतात. ‘आयरेसिंग’ रुंदी, अंतर अशी मापंच विचारून घेतं आणि कोन स्वतः काढतं. ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ या जुन्या पण अजून खेळल्या जाणाऱ्या खेळात कोन रेडियनमध्ये लिहावा लागतो. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळांमध्ये अंशांऐवजी नुसती एक सरकपट्टी असते. तिचं काय करायचं ते पुढे येईलच. आडव्या कोनावरून उभा कोन काढताना १६:९ चं प्रमाण सरळ लावू नये. ९० अंश आडव्याला ९ ने गुणून १६ ने भागलं तर साडेपन्नासच्या आसपास उत्तर येतं. खरा उभा कोन मात्र ५८.७ असतो. कोन लांबीसारखे वाढत नाहीत, म्हणून दर वेळी सूत्रातूनच जावं.

उभ्या कोनाचा एक फायदा आहे. पडदा नुसता रुंद झाला तर आकडा बदलावा लागत नाही. ३४ इंची, २१:९ प्रमाणाच्या रुंद मॉनिटरची उंची २७ इंची मॉनिटरएवढीच असते. त्यामुळे ७० सेंटिमीटरवरून दोघांनाही २७ अंशच लागतात. रुंद मॉनिटरवर आडवा कोन मात्र ४६ वरून ५९ च्या वर जातो, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसहा अंश जादा जग दिसतं.

चुकीचा आकडा नेमकं काय बिघडवतो

२७ अंश लावून पहिल्यांदा गाडीत बसलेल्याला बहुतेक वेळा धक्का बसतो. डॅशबोर्डचा तुकडा, काचेचा मधला भाग आणि पुढचा रस्ता, एवढंच दिसतं. आरसे गायब, बाजूच्या खिडक्या गायब. हे बरोबर असेल यावर विश्वास बसत नाही आणि हात परत सेटिंगकडे वळतो. म्हणून मोठा आकडा ठेवल्याने काय होतं ते त्याच मॉनिटरवर पाहायला हवं.

समजा उभा कोन ५६ अंश ठेवला. सूत्र उलटं चालवलं की कळतं, ३३.६ सेंटिमीटर उंचीच्या पडद्यावर ५६ अंशांचं चित्र काचेपासून ३१.६ सेंटिमीटरवर असलेल्या डोळ्यालाच खरं दिसेल. बसणारा आहे ७० वर. म्हणजे चित्र काढलं आहे पडद्याला नाक लावून बसलेल्या माणसासाठी, आणि पाहतो आहे दुप्पट लांबचा माणूस. ३१.६ भागिले ७० म्हणजे ०.४५. चित्राच्या मध्यभागी असलेली प्रत्येक गोष्ट जेवढी दिसायला हवी त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसते.

मोंझाच्या सर्किटवर सुरुवातीची सरळ धाव एक किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्या शेवटी पहिली शिकेन येते. तिथे गाडी सर्वाधिक वेगात असताना चालक ब्रेकच्या जागेसाठी बाजूचे अंतरफलक पाहतो. १०० मीटर दूरचा फलक ५६ अंशांच्या चित्रात सुमारे २२० मीटर दूर असल्यासारखा लहान दिसतो. सवयीने माणूस याचाही हिशोब बसवतो. ‘फलक एवढा झाला की ब्रेक’ असं पाठ करून वर्षानुवर्षं चालवणारे आहेत आणि त्यांतले काही चांगले वेगवानही आहेत. पण तो पाठांतराचा वेग असतो. अनोळखी सर्किटवर, किंवा पुढची गाडी नेहमीपेक्षा लवकर ब्रेक लावते तेव्हा, पाठ केलेली खूण उपयोगी पडत नाही. तेव्हा नजरेला अंतर आपोआप कळावं लागतं, आणि ते आकार खरा असेल तरच कळतं.

अंतरापेक्षाही मोठं नुकसान होतं ते गाडी घसरताना. वळणात मागची चाकं सुटू लागली की गाडीचं नाक आत वळतं. खऱ्या गाडीत हे आधी पाठीला आणि बुडाला कळतं. घरच्या सिम्युलेटरमध्ये शरीर स्थिरच असतं. तिथे स्टीअरिंगच्या जोराखालोखाल खबर देणारा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे क्षितिजाचं आडवं सरकणं. नाक ४ अंश वळलं तर २७ अंशांच्या चित्रात समोरचं दृश्य पडद्यावर जवळजवळ ४.९ सेंटिमीटर सरकतं. ५६ अंशांच्या चित्रात तेच दृश्य २.२ सेंटिमीटर सरकतं. घसरण तीच, पण तिची बातमी निम्म्याहून कमी आवाजात पोहोचते. डोळ्याच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग हात जरुरीपेक्षा जास्त उलटं स्टीअरिंग देतात. गाडी एकदा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फेकली जाते. नवख्यांच्या या झोक्यांचं खापर टायरच्या गणितावर किंवा स्टीअरिंगच्या मोटरवर फोडलं जातं. पुष्कळदा दोष दृश्यकोनात असतो.

मग मोठा कोन लोकांना आवडतो का? कारण तो वेगाचा भास देतो. पडद्याच्या कडेजवळून जाणारे खांब, कुंपण, गवत ५६ अंशांच्या चित्रात सुमारे २.२ पट वेगाने मागे पळतात. २७ अंशांवर तीच गाडी त्याच वेगाने जात असूनही रेंगाळल्यासारखी वाटते. परिणाम असा की योग्य कोन लावल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत माणूस वळणात फार वेगाने शिरतो, कारण डोळा त्याला सांगत असतो की अजून वेळ आहे. ब्रेकच्या जुन्या खुणाही चुकतात. म्हणून दोन फेऱ्यांत ‘जमत नाही’ म्हणून जुन्या आकड्याकडे परतणं घाईचं ठरतं. काही संध्याकाळी त्याच आकड्यावर चालवल्याशिवाय तुलना करू नये.

पट्टीने करायची तपासणी

गणित बरोबर बसलं की नाही, हे साध्या पट्टीने तपासता येतं. यासाठी समरूप त्रिकोणांचा नियम पुरेसा आहे : वस्तूची रुंदी भागिले तिचं अंतर, हे पडद्यावरच्या रुंदी भागिले डोळ्याच्या अंतराएवढं असलं पाहिजे. जीटी-३ वर्गातली गाडी सुमारे २ मीटर रुंद असते. २०१७ ते २०२५ या काळातल्या फॉर्म्युला वन गाड्यांची कमाल रुंदीही २ मीटरच होती. अशी गाडी समोर २० मीटरवर असेल, तर २ भागिले २० म्हणजे ०.१, डोळ्याचं अंतर ७० सेंटिमीटर, म्हणजे पडद्यावर तिची पाठ ७ सेंटिमीटर रुंद भरली पाहिजे. ५६ अंशांवर ती ३.२ भरेल. २० मीटर म्हणजे साधारण साडेचार मीटर लांबीच्या चार गाड्या मधे मावतील आणि थोडी जागा उरेल एवढं अंतर. हे अंतर चालकाच्या डोळ्यापासूनचं आहे, गाडीच्या नाकापासूनचं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

सरकपट्टीच्या खेळांना हीच युक्ती लागू पडते. सुरुवातीच्या जाळीवर गाड्या उभ्या असताना किंवा थांबवलेल्या दृश्यात पुढच्या गाडीची पाठ मोजावी आणि माप जुळेपर्यंत पट्टी सरकवावी. आकड्याचं नाव काय आहे याला मग महत्त्व राहत नाही.

खेळातलं स्टीअरिंग आणि हातातलं स्टीअरिंग एकाच आकाराचं दिसतं का, ही तपासणी मात्र फसवी आहे. चित्रातलं स्टीअरिंग चालकाच्या डोळ्यापासून किती दूर आहे हे गाडीगणिक आणि सीटच्या जागेगणिक बदलतं. शिवाय खरं स्टीअरिंग पडद्याच्या अलीकडे असतं. समोर खरं स्टीअरिंग असताना चित्रातलं बंद करणं हाच सरळ मार्ग. बहुतेक खेळांत तशी सोय असते.

कोन लावून झाल्यावर सीट सरकवायची, आधी नाही. या दोन सेटिंग्जची गल्लत फार होते. दृश्यकोन बदलला की सगळ्या जगाचा आकार बदलतो. सीट पुढे-मागे केली की फक्त जवळच्या गोष्टी, म्हणजे डॅशबोर्ड, काचेच्या कडा, आरसे, लहानमोठ्या होतात. शंभर मीटरवरच्या फलकाला अर्ध्या मीटरने काही फरक पडत नाही. कोन बरोबर आहे पण डॅशबोर्ड फार जागा खातो, असं वाटलं तर सीट थोडी पुढे घ्यावी, म्हणजे डॅशबोर्डची वरची कड पडद्याच्या तळाशी येते आणि बाकीचा पडदा रस्त्याला मिळतो. आरसे हवे असतील तर सीट मागे घ्यावी. दोन्हींत अंतराचं माप बिघडत नाही. पडद्याचा मध्य डोळ्याच्या उंचीवर असावा आणि खेळातला कॅमेरा वर-खाली न झुकता सरळ पाहत असावा, म्हणजे सपाट रस्त्यावर क्षितिज डोळ्यासमोर येतं. मॉनिटर टेबलावर खूप खाली असेल तर तो उचलणं हाच खरा उपाय.

एका पडद्याची मर्यादा मान्य करावीच लागते. माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं साधारण १८० अंशांएवढं दिसतं. ४६ अंशांची खिडकी त्याचा चौथा हिस्सा आहे. शेजारी आलेली गाडी तिच्यात दिसत नाही आणि बंद वळणाचा आतला बिंदू बाजूला निघून जातो. यावर आकडा वाढवण्याआधी मॉनिटर जवळ आणावा. तोच २७ इंची मॉनिटर ५० सेंटिमीटरवर आणला की योग्य उभा कोन ३७ आणि आडवा जवळजवळ ६२ होतो. चित्र खरंच राहतं आणि दिसतंही जास्त. आड येतो तो टेबल. स्टीअरिंगची मोटर मॉनिटरच्या पायाला अडते. मॉनिटर वेगळ्या स्टँडवर किंवा भिंतीच्या हातावर टांगला तर तो मोटरच्या वर, स्टीअरिंगच्या लगेच मागे आणता येतो. तेही करून गर्दीच्या शर्यतीत बिथरायला होत असेल, तर हिशोबापेक्षा तीनचार अंश वाढवण्यात मोठा गुन्हा नाही. उरलेली उणीव बाजूला पाहण्याचं बटण, पडद्यावरचा रडार किंवा ‘क्रू चीफ’सारखा कानात सांगणारा स्पॉटर भरून काढतो.

तीन पडदे

बाजूला दोन मॉनिटर लावले की वर सांगितलेली उणीव बहुतेक संपते. पण चूक होण्याच्या जागाही वाढतात. इथे एक कोन पुरत नाही. चार मापं लागतात : एका पडद्याची दिसणारी रुंदी, डोळ्यापासून मधल्या पडद्याचं अंतर, कडेच्या चौकटीची म्हणजे बेझेलची जाडी, आणि बाजूचे पडदे किती अंशांत वळवले आहेत ते.

गोंधळाचं मूळ असं. संगणकाला तिन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक पडदा आहे असं सांगता येतं. एन्व्हिडियाचं सराउंड हेच करतं. खेळ मग त्या लांब पडद्यासाठी एकच सपाट चित्र काढतो. तीन मॉनिटर खरोखर एका रेषेत भिंतीला लावले असते, तर ७० सेंटिमीटरवरून ते १०४ अंश भरले असते, आणि १०४ अंशांचं ते सपाट चित्र अगदी बरोबर दिसलं असतं. कडेच्या वस्तू त्यात ताणलेल्या असतात, पण डोळा त्यांच्याकडे तिरका पाहतो म्हणून ताण आणि तिरकेपणा एकमेकांना खाऊन टाकतात. मॉनिटर आत वळवले की तिरकेपणा जातो आणि ताण तसाच राहतो. बाजूच्या पडद्यावरची गाडी रबरासारखी लांब दिसते आणि मधल्या पडद्यावरून बाजूला जाताना तिचा वेग अचानक वाढल्यासारखा वाटतो. त्यात कुणी तिन्ही पडद्यांनी व्यापलेला कोन मोजून तेवढाच एका सपाट चित्राला दिला तर अवस्था आणखी वाईट. १४१ अंशांच्या सपाट चित्राच्या टोकाला आडवा ताण नऊ पट होतो, आणि या सगळ्यासाठी मधलं चित्र लहान होतं ते वेगळंच.

उपाय म्हणजे तीन कॅमेरे. खेळ प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र चित्र काढतो आणि बाजूचे कॅमेरे खऱ्या मॉनिटरएवढेच वळवतो. ‘आयरेसिंग’मध्ये यासाठी तीन प्रोजेक्शनचा पर्याय आहे, तर ‘असेटो कोर्सा’मध्ये चित्रणाची ट्रिपल स्क्रीन पद्धत निवडावी लागते. तीन वेळा दृश्य काढायचं म्हणजे संगणकावर भार वाढतो, हे खरं. तरी तो भार परवडत नसेल तर सावल्या आणि झाडांचा तपशील कमी करावा, प्रोजेक्शन नव्हे.

आता मॉनिटर किती वळवायचे? तिन्ही पडदे डोळ्याकडे सारखेच तोंड करून असावेत असं वाटत असेल, तर वळणाचा कोन सूत्रातूनच मिळतो. फक्त निम्म्या रुंदीत बेझेल मिळवायचा. वरच्या उदाहरणात निम्मी रुंदी २९.९, बेझेल १ सेंटिमीटर, मिळून ३०.९; अंतर ७०. उत्तर येतं साडेसत्तेचाळीस अंश. तिन्ही मिळून तेव्हा सुमारे १४१ अंश दिसतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कोन आदर्श आहे, अनिवार्य नाही. खोलीच्या अडचणीमुळे मॉनिटर ४० अंशांतच वळत असतील तरी चालतं. खेळाला ४० सांगितलं की चित्र बरोबरच येतं. खेळात ६० लिहिलं आणि मॉनिटर मात्र ४५ वर आहेत, असं झालं तर बिघडतं. जास्त वळवण्याने फायदाही फारसा होत नाही. ७० सेंटिमीटरवर मॉनिटर साडेसत्तेचाळीसऐवजी ६० अंशांत वळवले तर एकूण दृश्य १४१ वरून १४८ अंशांवर जातं, एवढंच. त्याऐवजी सगळी मांडणी १० सेंटिमीटर जवळ आणून ६० सेंटिमीटरवर घेतली आणि त्या अंतराला जुळेल असं वळण दिलं, तर तेच मॉनिटर १६० अंशांच्या पुढे दाखवतात. कोन वाढवण्यापेक्षा खुर्ची पुढे ढकलणं स्वस्त आणि अधिक परिणामकारक.

वळणाचा कोन डोळ्याने ठरवू नये. पाचसात अंश सहज चुकतात. मोबाइलमधल्या होकायंत्रावरही भिस्त ठेवू नये, जवळच्या लोखंडी सांगाड्याने आणि स्पीकरने ते भरकटतं. दोरीची रीत भरवशाची आहे. मधल्या मॉनिटरच्या काचेला समांतर, तिच्याच पातळीत एक दोरी बाजूला ताणायची. बाजूच्या मॉनिटरवर, दोन मॉनिटर जिथे भेटतात त्या सांध्यापासून ५० सेंटिमीटरवर खूण करायची. त्या खुणेपासून दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजायचं. ते भागिले ५० म्हणजे कोनाचा साइन. साडेसत्तेचाळीस अंशांसाठी हे अंतर ३७ सेंटिमीटरच्या जवळ भरतं. काही ठिकाणी कोन सरळ रेषेपासून मोजतात, काही ठिकाणी दोन पडद्यांमधला आतला कोन धरतात. ४५ आणि १३५ ही एकाच मांडणीची दोन नावं आहेत. भलताच आकडा भरला तर बाजूचं चित्र इतकं विचित्र येतं की ही चूक लपत नाही.

बेझेलचा हिशोब एकाच ठिकाणी करावा. चौकटीमागे झाकला जाणारा भाग खेळाने काढायचा असतो, पण दाखवायचा नसतो, म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणारी गाडी मधल्या खांबामागून गेल्यासारखी वाटते. ही दुरुस्ती ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्येही करता येते आणि खेळातही. दोन्हीकडे केली तर झाकलेली पट्टी दुप्पट होते आणि सांध्यावर गाडीचा एक तुकडा हरवतो.

शेवटची तपासणी उभ्या गाडीतून करायची. लांब, सरळ भिंत किंवा कुंपण बाजूने जाईल अशी जागा निवडावी; पिट लेनची भिंत उत्तम. चालवताना डोकं असतं तिथेच ठेवून एक डोळा मिटावा आणि भिंतीची वरची कड मधल्या पडद्यावरून बाजूच्या पडद्यावर कशी जाते ते पाहावं. कड एकसरळ गेली तर मांडणी बरोबर. सांध्यावर कड मोडून वेगळ्या दिशेने जात असेल तर वळणाचा कोन किंवा डोळ्याचं अंतर चुकलं आहे. दिशा तीच पण कड पायरीसारखी वर-खाली सरकली असेल तर बेझेल चुकला आहे, किंवा मॉनिटरच एका उंचीवर नाहीत. आधी मॉनिटर सारखे करावेत, मग आकड्यांना हात लावावा. डोकं वीस सेंटिमीटर मागे नेलं की बरोबर मांडणीतही कड मोडते. ती मोडलीच पाहिजे, कारण हे चित्र डोळ्याच्या एकाच जागेसाठी काढलेलं असतं. त्यामुळेच सीट सरकवता येणाऱ्या रिगवर घरातल्या दुसऱ्या कुणी बसून सीट मागेपुढे केली, तर अंतर पुन्हा मोजावं लागतं.

वक्र मॉनिटरचा प्रश्न उरतो. बहुतेक खेळ पडदा सपाट आहे असंच धरून चालतात. रुंदी वक्राच्या कडेने न मोजता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मोजावी आणि अंतर काचेच्या मध्यापर्यंत घ्यावं. एका मॉनिटरवर उरणारी चूक बहुतेकांना जाणवत नाही. तीन वक्र मॉनिटरांवर मात्र भिंतीची कड पूर्ण सरळ कधीच येत नाही. ती सांध्यावर न मोडता हलकी कमान घेत असेल, तर तेवढ्यावर थांबावं.